पाचशे रुपयांत आयडिया 'सेफ' होत नसते

"फायनल इयरवाल्यांनो, पेटंटच्या नादाला लागू नका. पाचशे रुपयांत कॉपीराइट घ्या, आयडिया सेफ! पेपर छापा, एक्स्पोत दाखवा, पेटंटला नंतर वर्षभर मुदत असते. नावापुढे ® टाकलं की ब्रँडपण आपलाच."

इंजिनिअरिंगच्या पोरांना असा सल्ला सर्रास मिळतो. त्यातला पाचशेचा आकडा तेवढा बरोबर आहे. आपला कायदा सॉफ्टवेअरला साहित्यकृती मानतो आणि तिच्या नोंदणीची फी 500 रुपयेच आहे. त्या पाचशेत नक्की काय पदरात पडतं, ते एका प्रोजेक्टवर तपासू.

समजा, तुमच्या ग्रुपनं करवीर तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळासाठी यंत्र केलंय. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे गुळव्या नजरेनं ओळखतो. तापमान तेव्हा 118 अंशांच्या आसपास असतं. तुम्ही आधी तापमानाचा सेन्सर लावला, पण त्यावर पाकाचा थर चढला आणि आकडा मागं पडायला लागला. मग तुम्ही ढवळणाऱ्या मोटरचा करंट मोजला. पाक घट्ट होत जातो तसा करंट चढतो. ठरावीक चढ आला की भोंगा वाजतो.

यातला कोड, रिपोर्ट आणि सर्किटचं ड्रॉइंग यांवर कॉपीराइट आहेच, आणि तो लिहिल्या क्षणापासून, फुकट. नोंदणी सक्तीची नाही. कोर्टात प्राथमिक पुरावा म्हणून ती कामाला येते. पण 'करंटवरून पाक ओळखायचा' ही युक्ती कॉपीराइटच्या कक्षेतच येत नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सुप्रीम कोर्टानं 1978 साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. शिरोली एमआयडीसीतल्या कुणी तुमचा रिपोर्ट वाचला, दुसऱ्या कंट्रोलरवर स्वतःचा कोड लिहिला आणि यंत्र विकायला काढलं, तर तुमचं कॉपीराइट सर्टिफिकेट त्याला अडवू शकत नाही. तुमच्याच कोडच्या ओळी उचलल्या असतील तरच अडवेल. गंमत म्हणजे नोंदणीसाठी सोर्स कोडची किमान पहिली 10 आणि शेवटची 10 पानं द्यावी लागतात, तीही काहीही न झाकता.

युक्ती राखायची तर पेटंटच लागतं. ते अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं आणि फक्त भारतात चालतं. मात्र ती युक्ती जगात कुठंही आधी जाहीर झालेली नसावी आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी. बाजारातला सेन्सर आणि भोंगा जोडून पेटंट मिळत नाही. नुसत्या प्रोग्रॅमलाही मिळत नाही. करंटवाली पद्धत टिकेल का, हे पेटंट ऑफिसच्या 'इनपास' या मोफत शोधसेवेवर आणि परदेशी पेटंटांतही आधी बघावं लागेल.

खरा घोळ त्या वर्षभराच्या मुदतीचा आहे, आणि त्यात चांगली चांगली प्रोजेक्टं गेली आहेत. अमेरिकेत शोधकानं स्वतः माहिती जाहीर केल्यावर अर्जाला एक वर्ष मिळतं. आपल्याकडे अशी सरसकट सवलत नाही. सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या बाबतींत 12 महिने मिळतात. कॉलेजचा टेक-फेस्ट त्यात बसत नाही. एखाद्या ऑनलाइन जर्नलात पेपर टाकलात तर पेटंट ऑफिसचा परीक्षक तोच तुमच्यापुढं ठेवून 'हे आधीच जाहीर आहे' म्हणेल.

आपल्याकडचे ते प्रसिद्ध 12 महिने आहेत प्रोव्हिजनल अर्जानंतरचे. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या नावानं ऑनलाइन केला तर त्याची फी 1600 रुपये. त्यात यंत्र कसं चालतं ते लिहायचं, तारीख पक्की करायची आणि 12 महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. नाही दिला तर पहिला अर्ज सोडून दिल्याचं धरतात. घाईत 'गुळासाठी स्मार्ट यंत्र' एवढंच लिहून उपयोग नाही. करंटची गोष्ट त्यात नसेल तर ती जुनी तारीख त्या गोष्टीला मिळत नाही. म्हणून क्रम असा: आधी अर्ज, मग एक्स्पो, मग पेपर. आणि पेटंट ऑफिसनं अर्ज तपासण्याची फी वेगळी असते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

शिवाय अर्ज 18 महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. बायोडेटात 'पेटंट पब्लिश्ड' लिहिणाऱ्यांचं पेटंट मंजूर झालेलं असतंच असं नाही.

राहिला ®. हे चिन्ह फक्त नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कला लावता येतं. नोंदणी नसताना लावणं दंडनीय आहे. तोवर हवं तर ™ लावा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या एका वर्गासाठी 4500 रुपये. नोंदणी 10 वर्षांची, आणि पुढं हवी तितक्यांदा वाढवता येते. फक्त यंत्राचं नाव 'गूळ मीटर' ठेवू नका. वस्तूचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावाला नोंदणी सहसा नाकारतात, कारण उद्या दुसऱ्या गूळ मीटरवाल्यालाही तेच शब्द वापरावे लागणार.