क्वांटम चाल दूर पसरते, ती ‘सगळ्या वाटांनी’ गेल्यामुळे नव्हे

‘साध्या रँडम वॉकमध्ये एका वेळी एकच वाट धरता येते. क्वांटम वॉकमध्ये कण एकाच वेळी सगळ्या वाटांनी जातो, म्हणून तो जास्त वेगाने लांब पोहोचतो. म्हणूनच क्वांटम वॉक वापरला की कोणताही शोध घातांकी वेगाने पूर्ण होतो.’

या तीन वाक्यांत तीन वेगवेगळे दावे आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत. आधी वेगाचे पाहू, कारण ते थोडक्यात आटोपते.

दोन्ही चाली, म्हणजे साधा रँडम वॉक आणि क्वांटम वॉक, सरळ रेषेवर चालतात असे धरू. दर पावलाला एक नाणे उडते आणि त्याप्रमाणे एक घर उजवीकडे किंवा एक घर डावीकडे सरकायचे असते. क्वांटम चालीतही पाऊल एकाच घराचे असते. चार पावलांनंतर दोघांनाही जास्तीत जास्त चौथ्या घरापर्यंतच जाता येते, आणि त्या टोकाच्या घरात सापडण्याची संभाव्यता दोन्हींकडे सारखीच, म्हणजे १/१६ असते, कारण तिथे जाणारी वाट एकच आहे. उलट, पावलांची संख्या t मोठी झाली की हॅडमार्ड हे नेहमीचे क्वांटम नाणे वापरणारी क्वांटम चाल सुमारे ०.७०७ t या अंतरापलीकडे जवळजवळ सापडतच नाही. त्यामुळे ‘जास्त वेगाने’ हे वर्णनच चुकीच्या जागी बोट ठेवते. टोक पुढे सरकलेले नसते. मधला भाग रिकामा होऊन तिथली संभाव्यता बाहेरच्या बाजूला गेलेली असते. मध्य का रिकामा होतो, हा खरा प्रश्न आहे.

आता वाटांचा दावा. चार पावलांच्या सोळा वाटा दोन्ही चालींत त्याच आहेत. साध्या चालीचे संभाव्यता-वितरण काढतानाही आपण त्या सोळाच्या सोळा वाटा मोजतोच. एकही वगळत नाही. फरक पडतो तो बेरजेत. साध्या चालीत प्रत्येक वाटेच्या वाट्याला १/१६ ही धन संख्या येते आणि एकाच घरात उतरणाऱ्या वाटांच्या संख्या मिळवल्या जातात. क्वांटम चालीत प्रत्येक वाटेला आयाम असतो. इथे त्याचे परिमाण १/४ आहे, पण चिन्ह धन किंवा ऋण असू शकते. आधी आयामांची बेरीज करायची आणि मग वर्ग काढायचा.

चिन्ह कसे ठरते ते प्रत्यक्ष पाहू. उजव्या पावलाला ‘उ’ आणि डाव्या पावलाला ‘ड’ म्हणू. हॅडमार्ड नाण्याचा नियम असा आहे:

उ → (उ + ड)/√2
ड → (उ − ड)/√2

उणे चिन्ह एकाच ठिकाणी आहे. ड नंतर पुन्हा ड आला की वाटेचे चिन्ह एकदा उलटते; बाकी कुठेही ते बदलत नाही. सुरुवातीला नाणे उ स्थितीत आहे असे धरू आणि चार पावले मोजू.

शून्य या घरात परत येणाऱ्या वाटा सहा आहेत. त्यांपैकी उ ने संपणाऱ्या तीन: उडडउ, डउडउ आणि डडउउ. पहिल्या आणि तिसऱ्या वाटेत ड-ड ही जोडी आहे, म्हणून त्यांची चिन्हे ऋण आणि मधल्या वाटेचे धन, बेरीज −१. ड ने संपणाऱ्या तीन: उउडड ऋण, उडउड आणि डउउड धन, बेरीज +१. शेवटी नाणे वेगळ्या स्थितीत असेल तर त्या वाटा एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून दोन्ही बेरजांचे वर्ग वेगवेगळे काढून मिळवायचे. उत्तर २/१६. साध्या चालीत याच घराला ६/१६ मिळतात.

आता दुसऱ्या घराकडे, म्हणजे उजवीकडे दोन घरे अंतरावर पाहा. तिथे चारच वाटा जातात. डउउउ, उडउउ आणि उउडउ या तिघी उ ने संपतात, एकीतही ड-ड जोडी नाही, म्हणून बेरीज ३ आणि वर्ग ९. उउउड ही एकटी ड ने संपते, तिचा वर्ग १. एकूण १०/१६. साध्या चालीत इथे ४/१६ असतात. सहा वाटांच्या घराला २ आणि चार वाटांच्या घराला १० मिळाले, हे ‘सगळ्या वाटांनी जातो’ एवढ्याने कसे समजावणार? जिथे वाटांची सर्वांत जास्त गर्दी होती तिथेच चिन्हे परस्परविरुद्ध पडली आणि बहुतेक हिशोब कटला. याला व्यतिकरण म्हणतात, आणि प्रसार वाढण्याचे कारण ते आहे.

वरच्या सुरुवातीमुळे वितरण उजवीकडे कलते, हे इथेच सांगून टाकणे बरे. डावीकडच्या दुसऱ्या घराला फक्त २/१६ मिळतात. नाण्याची सुरुवात (उ + i ड)/√2 अशी केली तर एक भाग पूर्ण वास्तव आणि दुसरा पूर्ण काल्पनिक राहतो, दोघे एकमेकांत मिसळत नाहीत आणि आरसाप्रतिमांची सरासरी होऊन सममित वितरण मिळते: १, ६, २, ६, १, प्रत्येक भागिले १६. विचरण काढले तर ५ येते. साध्या चालीचे ४. गंमत म्हणजे या सममित सुरुवातीत पहिल्या तीन पावलांपर्यंत दोन्ही चालींचे वितरण अगदी तेच असते. तीन पावलांचे कोष्टक मांडून ‘काही फरकच नाही’ म्हणणारा गणितात चुकलेला नसतो, फक्त एक पाऊल आधी थांबलेला असतो.

व्यतिकरण हेच कारण आहे याची कसोटीही सोपी आहे. दर पावलानंतर नाण्याचे मापन करा, किंवा दर पावलाला नवे नाणे घेऊन जुने बाजूला ठेवा. पावले तीच, वाटाही त्याच; पण कोणती वाट झाली याची नोंद बाहेर उरते, चिन्हांची काटछाट थांबते आणि प्रसार लगेच साध्या चालीइतका होतो. शिवाय एकट्या कणाच्या अशा चालीसाठी लागणारे व्यतिकरण साध्या प्रकाशलहरींनीही घडवता येते. त्यात कणाच्या गूढ सर्वव्यापीपणाची गरज कुठेच पडत नाही.

पण चार पावलांवरून प्रसार t च्या प्रमाणात का वाढतो हे दिसत नाही. त्यासाठी थोडे वेगळे पाहावे लागते. साध्या चालीत एकूण विस्थापनाचा वर्ग उलगडला की प्रत्येक पावलाचा स्वतःचा वर्ग आणि वेगवेगळ्या पावलांचे गुणाकार अशी पदे मिळतात. नाणे मागचे काही लक्षात ठेवत नाही, म्हणून गुणाकारांची सरासरी शून्य होते, वर्गांची बेरीज t उरते आणि प्रमाण विचलन √t येते. क्वांटम चालीत नाणे फेकून दिलेले नसते. तेच नाणे, आधीच्या सगळ्या पावलांचा हिशोब वागवत, पुढच्या पावलाला वापरले जाते, आणि लांबलांबच्या पावलांमधले संबंध शून्य होत नाहीत.

हे संबंध किती टिकतात? प्रत्येक पावलाला आणि प्रत्येक घरात नियम एकच आहे. त्यामुळे सुरुवातीची स्थिती वेगवेगळ्या तरंगलांबीच्या लहरींत विभागली, तर या चालीत कोणतीही तरंगलांबी दुसरीत बदलत नाही. प्रत्येक तरंगलांबीच्या लहरींना दोन शाखा असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे जाणारी, आणि प्रत्येकीचा समूहवेग, म्हणजे लहरींचा पुंजका सरकण्याचा वेग, कायम ठरलेला असतो. ज्याचा वेग v कायम आहे ते t पावलांत v t अंतर जाणार. √t ला इथे शिरायला जागाच नाही. हॅडमार्ड नाण्यासाठी हे वेग −१/√2 ते १/√2 यांच्या मध्ये असतात, आणि वर आलेले ०.७०७ ते हेच. कमाल वेगाच्या आसपास पुष्कळ तरंगलांबींचे वेग जवळजवळ सारखे होतात, म्हणून वितरणाची दोन शिखरे कडेला उभी राहतात. सममित सुरुवातीत या वेगांचे वर्गमध्यमूळ सुमारे ०.५४ येते. म्हणजे १०० पावलांनंतर साध्या चालीचे प्रमाण विचलन १०, तर क्वांटम चालीचे सुमारे ५४. या मर्यादा-वितरणाचे नेमके सूत्र नोरिओ कोन्नो यांनी २००२ मध्ये दिले.

राहिला घातांकी वेगाचा दावा. प्रमाण विचलन १०० घरांवर न्यायला साध्या चालीला १०,००० पावले लागतात आणि क्वांटम चालीला सुमारे १८५. ही वाढ वर्गाची आहे, घातांकी नाही. कोणतीच रचना नसलेल्या N नोंदींतून एक शोधायची असेल तर कोणत्याही क्वांटम पद्धतीला √N च्या प्रमाणात पावले लागतातच, हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे ‘कोणताही शोध’ हे शब्द टिकत नाहीत. घातांकी फरक पडतो तो खास रचलेल्या आलेखांवर, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांवर. अँड्र्यू चाइल्ड्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलेल्या उदाहरणात दोन द्विशाखी वृक्ष पानांपाशी जोडलेले आहेत आणि एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंत जायचे आहे. मध्य ओलांडल्यावर साध्या चालीला तीनपैकी दोन वाटा मागे नेतात, त्यामुळे ती मध्यातच अडकते. क्वांटम चालीला आलेखाच्या सममितीमुळे हे सगळे जाळे एका रेषेसारखे ठरते आणि ती पार होते. सममिती नसेल तर हा फायदा मिळत नाही.

क्वांटम चाल नेहमी जास्त पसरते, असेही नाही. रेषेवरच्या प्रत्येक घरात नाण्याचा नियम किंवा लहरीची कला थोडी वेगळी ठेवली आणि ती वेळेनुसार बदलू दिली नाही, तर वर सांगितलेला तरंगलांबींचा हिशोब मोडतो. एका रेषेवर त्याचा परिणाम अँडरसन स्थानिकीकरणाचा होतो, म्हणजे प्रसार सुरुवातीनंतर थांबतो आणि साधी चाल तिला मागे टाकते. हाच गोंधळ दर पावलाला नव्याने बदलत राहिला तर मात्र चाल साधी होते. प्रकाशस्पंदांवरील २०११ च्या एका प्रयोगात हे दोन्ही परिणाम एकाच मांडणीत दाखवले गेले. सिझियमच्या एकेका अणूवर बॉन येथे २००९ मध्ये केलेल्या प्रयोगातही सुसंगतता, म्हणजे व्यतिकरण टिकवण्याची क्षमता, संपत गेली तशी चाल साध्या चालीकडे वळली.

म्हणून एखाद्या चालीला ‘क्वांटम’ म्हणण्यापूर्वी प्रमाण विचलन आणि पावलांची संख्या या दोन्हींचे लॉगॅरिदम घेऊन उतार पाहावा. पावले पुरेशी असतील तर उतार १ आला की चाल सुसंगत आहे, १/२ आला की नोंद कुठेतरी बाहेर गळते आहे किंवा नियम दर पावलाला बदलतो आहे, आणि तो शून्याकडे झुकत असेल तर घराघरातल्या नियमांत स्थिर फरक शिरला आहे. कललेल्या सुरुवातीत सरासरीही सरकते, त्यामुळे उतार १ च राहिला तरी त्याआधीचा गुणक ०.५४ ऐवजी सुमारे ०.४५ मिळतो, तो पाहून प्रयोग बिघडला असे समजू नये.