मिनिट्स अशी लिहा की कुणीच सापडणार नाही

ग्रुप मीटिंग संपता संपता सर सगळ्यांवरून नजर फिरवतात आणि ती ज्याच्यावर थांबते त्याच्या गळ्यात मिनिट्स पडतात. बहुतेक वेळा तो नवीन जेआरएफ असतो, कारण सिनियर लोक तोपर्यंत लॅपटॉपचा चार्जर शोधायला टेबलाखाली गेलेले असतात. तर समजा यावेळी तुम्ही सापडलात. घाबरू नका. तुमच्याकडे वहीत दीड पान खरडलेलं आहे, त्यातून सात-आठ मुद्द्यांची अशी गोंडस मिनिट्स बनवायची की वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे लॅब जोरात चाललीय, आणि तरीही कुणाला काही करायला लागलं नाही पाहिजे. थोडी प्रॅक्टिस लागते, पण जमतं.

आधी कच्चा माल बघू. मॉलिक्युलर बायोलॉजीची साधी लॅब, जर्नलने रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांसह दुरुस्तीला परत पाठवलेला एक पेपर, सोमवार ३ फेब्रुवारीची मीटिंग, आणि वहीत हे असं:

«रिव्हिजन. रिव्ह्यूअर २ म्हणतो n=3 कमी. २८ ला ड्यू. अजून २ सेट? की एक्स्टेंशन? सर: बघू. प्रायमर संपलेत. फिगर ३ परत. डीप फ्रीजर परत बोंबलला शनिवारी, कुणीतरी बघा. एएमसी आहे का?? ऑथरशिप - (इथे नुसतं एक उद्गारचिन्ह).»

यात नक्की काय काय ठरलं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. पण मिनिट्समध्ये "काही ठरलं नाही" असं लिहायचं नसतं, अपशकुन होतो. म्हणून पहिली युक्ती, करण्यात यावे. मराठीने आपल्याला दिलेलं हे वरदान आहे, याचा वापर सढळ हाताने करा. "रिव्हिजनचे काम त्वरेने पूर्ण करण्यात यावे." "फ्रीजरबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी." बघा किती भारदस्त वाटतंय, आणि कोण करणार याचा पत्ताच नाही! इंग्रजीत मिनिट्स काढत असाल तरी सोय आहेच, "it was decided that" लिहायचं आणि कर्ता सुट्टीवर पाठवायचा.

आता काही अतिउत्साही लोक काय करतात, वहीतल्या प्रत्येक ओळीला विचारतात की बाई तू कोण? हा निर्णय आहे, काम आहे, नुसती चर्चा आहे की अजून लोंबकळणारा प्रश्न आहे? म्हणजे "n=3 कमी", प्रयोग तीनदाच केलाय, ही रिव्ह्यूअरची तक्रार झाली, तो आपला निर्णय नाही. "अजून २ सेट की एक्स्टेंशन" हा प्रश्न, आणि सरांचं "बघू" हे त्याचं उत्तर नाही. हे लोक मग चहाला जायच्या आधीच हात वर करून विचारतात, "सर, मग दोन सेट करायचे असं लिहू ना?" आणि सर दोन सेकंद छताकडे बघून म्हणतात, "हो, कर. एक्स्टेंशन नको, एडिटर आधीच वैतागलाय." झालं! दोन सेकंदांत निर्णय, वर कारणासकट, आणि तोही सगळ्यांसमोर. असल्या प्रश्नांनी मीटिंगची मजा जाते, तुम्ही अजिबात विचारू नका. घरी जाऊन अंदाजाने लिहा. अंदाज चुकला तर पंधरा दिवसांनी "पण मी असं कुठे म्हटलं होतं" वरून जो सोहळा होतो तो बघण्यासारखा असतो.

दुसरी गोष्ट, जबाबदारी. मिनिट्सच्या टेबलात "जबाबदारी" नावाचा कॉलम असतो, त्यात सर्वात सुरक्षित शब्द म्हणजे "सर्व". फ्रीजरचं काम सर्वांचं. सर्वांचं म्हणजे शनिवारी अलार्म वाजला तेव्हा जो जवळ होता तो म्हणतो मी बटण दाबून बंद केला, जो लांब होता तो म्हणतो मला ऐकूच आला नाही, आणि उणे ८० चा डीप फ्रीजर हळूहळू उणे ६८, उणे ६२ करत वर येत राहतो. कारण बहुतेकदा कंडेन्सरच्या फिल्टरला धुळीचा गालिचा चिकटलेला असतो नाहीतर दाराच्या रबरावर बर्फ जमून दार नीट लागत नसतं, पाच मिनिटात दिसण्यासारखी गोष्ट, पण पाच मिनिटं बघणार कोण, सर्व.

"सर्व" फारच उघड वाटत असेल तर दोन नावं तिरकी रेघ मारून लिहा, पोस्टडॉक / थर्ड इयरवाली. दोघीही तुमच्यावर खूश राहतील कारण दोघींनाही वाटतं दुसरी करतेय. आणि सगळ्यात प्रतिष्ठित परंपरा म्हणजे जो मीटिंगला नव्हता त्याच्या नावावर काम टाकणं. बिचारा गावी लग्नाला गेलेला असतो, परत येतो तर मेलमध्ये तीन कामं आणि एकाची तारीख उलटून गेलेली. काही खडूस लोक असं झालं की नावापुढे "कळवायचे आहे, होकार बाकी" असं लिहितात आणि त्याला त्याच दिवशी फोन करतात. कशाला पण? आलेला माणूस आश्चर्यचकित झाला पाहिजे ना.

याच खडूस लोकांनी फ्रीजरचं काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल काय करू नये. एका ओळीची त्यांनी तीन कामं केली. सेकंड इयरवाल्याने मंगळवार ४ तारखेला दुपारपर्यंत फिल्टर आणि दाराचं रबर बघून फोटो टाकायचा. टेक्निशियनने बुधवारपर्यंत फाइल काढून एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, कधीपर्यंत आहे ते बघायचं, संपली असेल तर नूतनीकरणाची नोट सरांच्या टेबलावर. आणि तापमान उणे ६५ च्या वर गेलं तर पोस्टडॉकने नमुने शेजारच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये हलवायचे, त्यासाठी शेजारच्या मॅडमची परवानगी तिने आजच घ्यायची. प्रत्येक कामाला एकच नाव! मदतीला कुणी असेल तर वेगळं लिहिलंय, पण विचारायचं कुणाला ते एकच. आणि "फोटो टाकायचा" वगैरे लिहिल्यामुळे काम झालं का नाही ते शेंबडं पोरही सांगू शकतं, "लक्ष ठेवणे" असं लिहिलं असतं तर वर्षभर लक्ष ठेवता आलं असतं.

आता तारखा. इथे तुमची खरी कला दिसते. "लवकरात लवकर", "पुढच्या आठवड्यात", "मीटिंगच्या आधी", आणि माझं सगळ्यात आवडतं, "तातडीने". हे शब्द कधीच शिळे होत नाहीत, सहा महिन्यांनी वाचलं तरी पुढचा आठवडा पुढेच असतो. खरी तारीख लिहिलीत तर ती निघून जाते आणि मग लोक तोंड लपवत फिरतात.

आणि उलटं गणित तर मुळीच मांडू नका. म्हणजे कसं, २८ फेब्रुवारीला रिव्हिजन जायची, तर सरांना वाचायला निदान चार दिवस, ते २४ ला कागद बघणार. म्हणजे फिगर ३ आणि उत्तराचा मसुदा २१ ला, शुक्रवारी. त्याच्या आधी क्यूपीसीआर एकदा चालवून आणि एखादी प्लेट हमखास बिघडणार म्हणून परत चालवून १९ पर्यंत आकडे हातात. म्हणजे पहिली प्लेट १४ ला तरी लागली पाहिजे, प्रायमर १३ ला लॅबमध्ये पाहिजेत, ते यायला धरा आठवडाभर, म्हणजे ऑर्डर ६ तारखेला गेली पाहिजे. आणि ऑर्डर जायच्या आधी इंडेंटवर सरांची सही, ती ५ तारखेला, कारण ६ ला सर दिल्लीला! पेशी तर आजपासूनच लावायला पाहिजेत, दोन्ही सेट वेगवेगळ्या दिवशी, नाहीतर एकाच फ्लास्कमधून काढलेले दोन नमुने बघून रिव्ह्यूअर २ परत तेच म्हणेल की हे बायोलॉजिकल रेप्लिकेट नाहीत, टेक्निकल आहेत. बघितलंत? "प्रायमर संपलेत" एवढ्या दोन शब्दांतून कुणाच्या तरी डोक्यावर बुधवारची तारीख येऊन बसली. त्यापेक्षा "प्रायमर मागवण्यात यावेत" बरं. २० तारखेला कुणालातरी आठवेलच.

एक मात्र आहे, जिथे मीटिंगमध्ये तारीख ठरलीच नव्हती तिथे तुमच्या मनाने एखादी तारीख ठोकून द्या. एएमसीची नोट १० तारखेला, का तर कॉलम रिकामा बरा दिसत नाही. खडूस मंडळी अशा वेळी "तारीख ठरलेली नाही, सरांना विचारून ५ पर्यंत कळवतो" असं लिहून रिकामी जागा रिकामीच दाखवतात. अगदीच सौंदर्यदृष्टी नाही.

ऑथरशिपचं उद्गारचिन्ह आठवतंय ना? तो भाग सविस्तर लिहा. कोण काय म्हणालं, कुणाचा आवाज चढला, पोस्टडॉक "माझं नाव दुसरं कसं" म्हणाली तेव्हा थर्ड इयरवाली कशी हसली, सगळं संवादासकट. मिनिट्स ही ऑफिशियल फाइलमध्ये जातात, तिथे हे अजरामर होईल. "लेखकांच्या क्रमावर चर्चा झाली, निर्णय नाही, सर दोघींशी १० तारखेला स्वतंत्र बोलतील" असं एका ओळीत आटपणारे लोक बघितलेत मी, त्यांना नाट्याची जाणच नाही.

पाठवायचं कधी? त्याच दिवशी संध्याकाळी पाठवलीत तर लोकांना मीटिंग आठवत असते आणि ते चुका काढतात. "माझ्याकडे मंगळवार नाही, बुधवार होता" वगैरे. म्हणून पुढच्या मीटिंगच्या आदल्या रात्री साडेअकराला पाठवा. फाइलचं नाव `minutes_final_NEW_2.pdf` ठेवा. पीडीएफ का तर कुणी दुरुस्ती करू नये. मेल न करता व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, दोन वाढदिवस आणि एक गुड मॉर्निंग आलं की ती वर गडप. "कुणाला बदल असेल तर उद्या ५ पर्यंत सांगा, नाहीतर हेच पक्कं" असली दमबाजी तर बिलकुल नको.

पुढच्या सोमवारी मागच्या कामांचा आढावा असतो, त्याला तर फारच सोपा उपाय आहे. मागची मिनिट्स उघडा, वरची तारीख बदला, शेवटच्या कॉलममध्ये सगळीकडे "प्रगतिपथावर" टाका. काम झालंय, थांबलंय की रद्द केलंय हे वेगळं लिहायच्या फंदात पडू नका, आणि थांबलं असेल तर कशामुळे ते तर नकोच, सही राहिली असं लिहिलं तर सही कुणाची ते पण लिहावं लागेल आणि ते मीटिंगच्या खुर्चीत समोरच बसलेले असतात.

मग सर विचारतील, "मागची मिनिट्स सगळ्यांनी वाचली ना? मान्य?" सगळे माना डोलावतील. तुम्हीही डोलवा, फक्त त्यावेळी सरांच्या नजरेला नजर देऊ नका, नाहीतर याही वेळची तुमच्याकडेच येतील.