फर्मचं नाव बदलताना क्रम का पाळायचा: एका प्रतिक्रियेला उत्तर

*वाचकाची प्रतिक्रिया: "साहेब, रजिस्ट्रारला कळवायची मुदत तुम्ही ३० दिवस लिहिली आहे, महाराष्ट्रात ती ९० आहे. आणि क्रम-बिम काही नसतो. आम्ही जीएसटी पोर्टलवर दोन दिवसांत नाव बदललं, बाकीचं सावकाश करतोय, काही अडलं नाही. तुमच्यासारखे सल्लागार फी वाढवायला लोकांना घाबरवतात. एवढ्या खर्चात नवीन फर्म होते."*

मुदतीबद्दल तुमचं बरोबर आहे. महाराष्ट्राच्या दुरुस्तीनुसार भागीदारी कायद्याच्या कलम ६० खाली ९० दिवस मिळतात. लेखात बदल केला आहे, चूक दाखवल्याबद्दल आभार.

पण "फी वाढवायला घाबरवतात" हे वाक्य मला लागलं. हा लेख मी कुणाकडून पैसे घेऊन लिहिलेला नाही. एकवीस वर्षं मी भागीदारी फर्मची कागदपत्रं करतो, आणि माझ्या वडिलांची सुताची फर्म याच क्रमाच्या गोंधळात सापडली होती. माझं म्हणणं खोडायचं तर खुशाल खोडा, पण हेतूवर बोट ठेवायचं काही कारण नव्हतं.

आता क्रमाबद्दल. भागीदारांनी पुरवणी करारनाम्यात नवीन नाव आणि ते कोणत्या तारखेपासून लागू, हे लिहायचं. मग रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद, त्या कागदावर पॅनमध्ये दुरुस्ती, नंतर जीएसटी आणि शेवटी बँक. हा क्रम मी घरी बसून ठरवलेला नाही. प्रत्येक ठिकाणी आधीच्या ठिकाणचा कागद मागतात म्हणून तो असा आहे. पॅन क्रमांक तोच राहतो, नाव मात्र पॅनच्या नोंदीत बदलावं लागतं, आणि जीएसटी पोर्टल कायदेशीर नाव त्या नोंदीशी ताडून पाहतं. म्हणून तुम्ही दोन दिवसांत जे बदललं ते बहुधा व्यापारी नाव असावं. कायदेशीर नाव जुनंच असेल. जीएसटीत बदल कळवायला १५ दिवसच असतात, त्यामुळे लागू होण्याची तारीख करारनाम्यात विचार करून घालावी लागते. पॅनचं काम आवाक्यात येण्याआधीची तारीख टाकली की पुढे धावाधाव होते.

वडिलांनी नेमकं उलटं केलं होतं. एक एप्रिलपासून नवीन नावाची बिलं आणि लेटरहेड सुरू झाली, पॅन आणि बँक मागेच राहिले. ग्राहकांनी बिलावरच्या नावाने चेक काढले. खातं जुन्या नावाचं, म्हणून बँकेने सात चेक परत केले. चार लाख साठ हजार रुपये अडकले. एका गिरणीच्या हिशेब विभागाने तर पुढची देयकंही थांबवली, कारण त्यांच्याकडे पॅन एका नावाचा आणि बिल दुसऱ्या. नाव बदललं तरी फर्म तीच, येणंही बुडत नाही, पण ते सिद्ध करण्यात उन्हाळा गेला. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि त्या सात चेकांच्या फेऱ्या मीच मारल्या. "काही अडलं नाही" असं कुणी सहज लिहून गेलं की मला राग येतो, तो यामुळे.

तुमच्याकडे अजून काही अडलं नसेल, कारण तुमचे ग्राहक जुन्याच नावाने पैसे पाठवत असतील. चेकची मुदत तीन महिन्यांची असते, तेव्हा बँकेत नाव बदलताना जुन्या नावाचे चेक काही काळ जमा करून घ्यावेत असं पत्र सर्व भागीदारांच्या सह्यांनी द्या. शिवाय आता ऑनलाइन पैसे पाठवताना ग्राहकाला खातेदाराचं नाव पडद्यावर पाहता येतं. बिलावर एक आणि तिथे दुसरं दिसलं, तर सावध माणूस थांबतोच.

म्हणूनच ग्राहकांना पाठवायच्या पत्रात जुनं नाव, नवीन नाव, तारीख, पॅन आणि जीएसटी क्रमांक तोच असल्याचा उल्लेख हवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाते क्रमांक बदललेला नाही हे ठळक लिहा. "नाव बदललं, आता या खात्यात भरा" अशी खोटी पत्रं पाठवून ठकवणारे आहेत. खातंही खरोखरच बदललं असेल तर ते वेगळ्या पत्राने आणि फोन करून कळवा.

नवीन फर्म काढण्याबद्दल लिहीत बसत नाही. पॅन नवा आला की जीएसटी नोंदणीही नव्याने करावी लागते, एवढं पुरे.

जीएसटी प्रमाणपत्र एकदा उघडा. पहिल्या ओळीत कायदेशीर नाव असतं, दुसरीत व्यापारी. पहिल्या ओळीत जुनंच दिसलं, तर रजिस्ट्रारचं काम "सावकाश" ठेवू नका. तुमच्या करारनाम्यातल्या तारखेपासूनचे ९० दिवस तुमचेही चालू आहेत.