निवला तो चहाच

गणपतीत आमच्या सोसायटीत अंताक्षरी, पाककला आणि रांगोळी यांच्या स्पर्धा असतात. यंदा तरुण मंडळींनी त्यात 'इमोजी हायकू' घुसवलं. नियम तीन. तीन ओळी, अक्षरं पाच-सात-पाच आणि निदान तीन शब्दांच्या जागी चित्रं. परीक्षक तळमजल्यावरच्या काकू. त्या कविता आपल्या फोनवर बघून माइकवर मोठ्याने वाचणार आणि जिथे अडखळतील तिथे गुण कापणार.

मला सोपं वाटलं. हायकू जपानी, इमोजीही जपानी. (इमोजीचा इमोशनशी संबंध नाही बरं का. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर.) शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवलाच आहे, आता त्याच्या गाववाल्याची सोय तेवढी मला करायची होती. हायकू तयारच होता:

या पावसात
खिडकीत कावळा
चहा निवला

उत्साहाच्या भरात मी सगळेच शब्द उडवले आणि रंगीत तालीम म्हणून काकूंना पाठवलं:

🌧️
🪟 🐦‍⬛
☕ ❄️

दहा मिनिटांनी काकू स्वतःच वर आल्या. "अहो, हे काय? पाऊस, खिडकी, चिमणी, पुन्हा एक खिडकी, तिथले दिवे गेलेले, आणि कोल्ड कॉफी?"

मी त्यांचा फोन पाहिला. खिडकीचं चित्र २०२० साली आलं, काकूंचा फोन त्याच्या आधीचा. ओळख नसलेल्या चित्राच्या जागी तो रिकामा चौकोन दाखवतो. काकूंनी तो खिडकी म्हणून वाचला, हे माझं नशीब. कावळ्याने मात्र घात केला. तो २०२२चा, आणि आतून जोडकाम आहे: साधा पक्षी अधिक काळा चौकोन, मध्ये न दिसणारा सांधा. जुन्या फोनला सांधा कळत नाही, मग पक्षी एकीकडे आणि त्याचा काळा रंग दुसरीकडे. कावळ्याला मी तिथल्या तिथे अक्षरांत परत आणला.

दुसऱ्या खर्ड्यात प्रत्यय ठेवले आणि फक्त नामं चित्रांत घातली. 'या 🌧️त'. मुलीने वाचलं, "या पाऊसत."

"पावसात गं!"

"बाबा, पाऊसला त लावला की पाऊसतच होणार. 'पावसा' हे चित्र कुठे आहे?"

सामान्यरूप! शाळेत सातवीला ज्याने माझे दोन गुण खाल्ले, तो प्राणी चाळीस वर्षांनी पुन्हा दारात उभा. चित्राला काना देऊन पाहिला, तर काना टेकायला व्यंजन मागतो. ते मिळेना, म्हणून फोनने मध्ये ठिपक्यांचं एक वर्तुळ काढून दिलं. पावसात गारा पडल्यासारखं दिसत होतं, पण वाचता येईना.

रात्री अकरापर्यंत मी घरातल्या वस्तूंना प्रत्यय लावत बसलो. कपाट, कपाटात. वारा, वाऱ्यात. हवा, हवेत. सगळे रूप बदलणारे. खिडकी मात्र खिडकीतही खिडकीच राहते. नदी, आजी, भाजी, सगळ्या तशाच. म्हणजे 🪟त चालतं आणि 👵लाही चालतं. पुरुषांत असा स्थिर स्वभाव मला एका चहातच आढळला: चहा, चहात, चहाला. पावसाचा स्वभाव बदलणं शक्य नव्हतं, म्हणून ओळच बदलली: 'पाऊस आला'. पाचची पाच अक्षरं.

पण '🌧️ आला' हे मुलीने 'ढग आला' असं वाचलं. ढगही पुल्लिंगी, तोही येतो. एक अक्षर कमी पडलं, पण ऐकणारा काही बोटं मोजत बसत नाही. तेव्हा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "छत्री टाका." छत्रीवर थेंब पडताहेत, ते चित्र. छत्री असती तर 'आली' असती. 'आला' म्हटल्यावर तो पाऊसच. या एका सूचनेवर माझी उरलेली कविता उभी आहे, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

कारण कपाचा गुंताही तसाच सुटला. त्या कपात चहा आहे की कॉफी, हे चित्रावरून देवालाही कळणार नाही. दुसरा एक कप आहे, बिनकानाचा, आत हिरवं काहीतरी. तो जपानी चहा, पण आमच्या घरी त्याला एकमताने पालकाचं सूप ठरवण्यात आलं. तर पहिलाच कप ठेवला आणि ❄️ काढून क्रियापद अक्षरांत आणलं. कॉफी निवली असती. सूप निवलं असतं. निवला तो चहाच.

☔ आला
🪟त कावळा
☕ निवला

स्पर्धेच्या दिवशी काकूंनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि माइकवर वाचलं. "पाऊस आला. खिडकीत कावळा. चहा निवला." एकदाही अडखळल्या नाहीत. टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार करणार, तेवढ्यात त्यांनी फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"निवला म्हणता, आणि वाफा तर निघताहेत की हो!"

अर्धा गुण गेला.