दहा वर्षांच्या वॉरंटीतली दहा वर्षं नेमकी कशाला?

फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज असा: «फ्रिजला १० वर्षांची वॉरंटी असते. फक्त बिल जपून ठेवा. १० वर्षांत काहीही बिघडलं तरी कंपनीला फुकट दुरुस्त करून द्यावंच लागतं. स्टॅबिलायझर नव्हता, बाहेरचा मेकॅनिक आला होता, हे सगळे पैसे उकळण्याचे बहाणे. कार्डावरची बारीक अक्षरं ग्राहक कोर्टात टिकत नाहीत. पुढे पाठवा.»

मी काही वर्षं एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जॉबशीट लिहीत होतो. हा मेसेज वाचून आलेली माणसं रोज समोर उभी राहायची, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी दहाचा आकडा. दारावरच्या स्टिकरवर तो ठळक असतो. कार्डावर मात्र तो सहसा दोन तुकड्यांत येतो: पूर्ण फ्रिजला १ वर्ष आणि पुढे फक्त कॉम्प्रेसरला ९ वर्षं. कॉम्प्रेसर म्हणजे फ्रिजच्या मागे खाली बसवलेला तो काळा डबा, तेवढाच. त्याला चिकटून बसलेला, तो सुरू करून देणारा रिले आणि जास्त ताण आला की तो बंद करणारा ओव्हरलोड प्रोटेक्टर पुष्कळ कार्डांत नाव घेऊन वगळलेले असतात. थर्मोस्टॅट, डिफ्रॉस्ट हीटर, आतला पंखा, दाराचं रबर ह्यांचा दुसऱ्या वर्षापासून काही संबंध उरत नाही. काच, बल्ब, प्लॅस्टिकचे ट्रे तर बऱ्याचदा पहिल्या वर्षातही धरत नाहीत. इन्व्हर्टर फ्रिज असेल तर कॉम्प्रेसर चालवणारा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, वॉरंटीच्या आत आहे की बाहेर, हे आवर्जून शोधा. बोर्ड गेला तरी फ्रिज बंदच पडतो आणि घरच्यांना वाटतं कॉम्प्रेसर गेला.

आता ‘फुकट’. एक गिऱ्हाईक अजून डोळ्यासमोर आहे. शहराबाहेर राहणारे, दोन दारांचा फ्रिज, पाचवं वर्ष. कॉम्प्रेसर खरोखरच जळलेला होता आणि तो वॉरंटीत बदलूनही मिळाला. तरी हातात बिल पडलं. भेटीचे ५००, गॅस आणि फिल्टरचे २,४००, मजुरीचे ९००, मिळून ३,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी ६८४. एकूण ४,४८४ रुपये. काका भडकले, "फुकट म्हणजे काय फुकट?" त्यांच्याच कार्डावर चौथ्या ओळीत होतं की पहिल्या वर्षानंतर कॉम्प्रेसरचा भाग विनामूल्य, पण गॅस, मजुरी, भेट आणि वाहतूक ग्राहकाकडे.

ह्यातला गॅसचा खर्च टाळता येत नाही, हे समजून घ्यायला हवं. कॉम्प्रेसर काढायचा तर नळ्या कापाव्या लागतात आणि आतला गॅस निघून जातो. नवा बसवल्यावर फिल्टर ड्रायर बदलून, नळ्या झाळून, व्हॅक्युम करून पुन्हा गॅस भरावा लागतो. म्हणजे वॉरंटीतला भाग बसवायला वॉरंटीबाहेरचं काम करावंच लागतं. शिवाय काकांना वाटलं, आता नव्या कॉम्प्रेसरला नवीन दहा वर्षं. तसं नसतं. कार्डावर ‘मूळ मुदतीचा उरलेला काळ’ अशा अर्थाचं वाक्य असतं, म्हणजे त्यांच्या हाती राहिली पाचच वर्षं. काकांना मी तेव्हा हे नीट समजावलं नव्हतं, काउंटरवर रांग होती.

कूलिंग बंद म्हणजे कॉम्प्रेसर गेला, हेही खरं नाही. मागे कान देऊन ऐका. दर काही मिनिटांनी ‘टक’ असा आवाज येतो, क्षणभर घरघर होते आणि पुन्हा शांत होतं, तर रिले किंवा प्रोटेक्टरचा दोष असू शकतो. तो भाग काही शे रुपयांचा. अर्थात कॉम्प्रेसर अडकला तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी रिले बदलून बघायला सांगा. कॉम्प्रेसर सतत चालतोय, हाताला गरम लागतोय, पण आत गारवा नाही, तर बहुधा गॅस गळालाय किंवा नळी तुंबलीय. गॅस वापरून संपत नसतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला, तर काही दिवसांत तुम्ही पुन्हा पैसे मोजणार. म्हणून जॉबशीटवर ‘कूलिंग नाही’ एवढंच लिहून घेऊ नका. ती तक्रार झाली, कारण नव्हे. कोणता भाग बिघडला ते टेक्निशियनकडून लिहून घ्या, कारण दावा त्या एका ओळीवर ठरतो.

मेसेजमध्ये स्टॅबिलायझर आणि बाहेरचा मेकॅनिक एका दावणीला बांधलेत. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. कार्डावर ‘विजेच्या दाबातल्या चढउतारामुळे झालेलं नुकसान’ असं लिहिलं असेल, तर वगळलंय ते कारण. घरात स्टॅबिलायझर नाही एवढ्यावरून दाराची बिजागरी किंवा गळकी नळी नाकारता येत नाही. नुकसान दाबामुळेच झालं असं कंपनी म्हणत असेल, तर कशावरून ते लेखी मागा. पण काही कार्डांत ‘स्टॅबिलायझर लावणं बंधनकारक’ असं येतं. ती अट झाली, तिथे आपली बाजू लंगडी. मेकॅनिकचंही तसंच. त्याने दाराचं रबर बदललं तर वाद घालायला जागा आहे. त्याने गॅस भरला असेल, तर कॉम्प्रेसरच्या नळीवर नवी झाळ दिसते आणि आमचा टेक्निशियन पहिल्यांदा तिथेच बघायचा. मग कॉम्प्रेसरचा दावा सहसा तिथेच संपतो. आणि ह्याला बहाणा म्हणवत नाही, कारण चुकीच्या भरणीने कॉम्प्रेसर खरंच जातो.

राहिला ग्राहक कोर्टाचा मुद्दा. त्यात अर्धं सत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अन्याय्य करार’ अशी व्याख्या आहे आणि अशी कलमं रद्द ठरवता येतात. पण तो अधिकार राज्य ग्राहक आयोगाला आणि त्याच्या वरच्या राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. गॅसचे पैसे ग्राहकाने द्यावेत हे कलम आपोआप अन्याय्य ठरत नाही. जिल्हा आयोगात तुम्ही जाऊ शकता ते सदोष वस्तूसाठी किंवा सेवेतल्या कमतरतेसाठी, म्हणजे कार्डावर जे कबूल केलं ते दिलं नाही तेव्हा. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या नंबरवर नोंद करून बघा.

म्हणजे तुमचा हुकमाचा पत्ता तीच बारीक अक्षरं. स्टिकरवर १० लिहिलंय आणि कार्डावर ५, तर स्टिकरचा फोटो काढून ठेवा, तो उपयोगी पडतो. बिलाचं म्हणाल तर थर्मल कागदावरची अक्षरं वर्षा-दोन वर्षांत उडतात. बिलाचाही फोटो काढा, आणि बिलावरचा सिरियल नंबर फ्रिजवरच्या पट्टीशी जुळतो का ते डिलिव्हरीच्या दिवशीच पाहा. दुकानदाराने दुसऱ्याच पीसचा नंबर टाकलेली बिलं मी स्वतः परत पाठवली आहेत.