पोटॅशियम ६.२, आणि खाली एक अक्षर नाही

"मावशी, मामी ग्रुपवर नुसता फोटो टाकतात, खाली एक अक्षर नसतं. अर्धे म्हणतात, ज्याने पाठवलं त्याने दोन शब्द लिहायला काय होतं? अर्धे म्हणतात, घरच्यांत कसली औपचारिकता. आपण काय उत्तर द्यायचं? तुझ्या तिथे लॅबमध्ये काय करतात?"
– भाची, दांडिया बाजार, वडोदरा

इंग्लंडमधल्या ज्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे नळीवर नाव नसेल तर ते रक्त आम्ही तपासतच नाही. एक्स-रे, सीटीसारख्या तपासण्यांना तर २०१७ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की पाठवणाऱ्याने पुरेशी वैद्यकीय माहिती द्यायलाच हवी. त्यामुळे ग्रुपवर ज्यांना वाटतं की "त्यांनी लिहावं", त्यांची बाजू मला कळते. पण तो नियम पगारी माणसांनी एकमेकांसाठी केलेला आहे. रात्री साडेनऊला नवऱ्याचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या बाईला तो लावता येत नाही. तिथे लिहिण्याचं काम उत्तर देणाऱ्याने उचलायचं असतं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते कसं उचलायचं हे गेल्या हिवाळ्यातल्या त्या एका फोटोवरूनच सांगते, कारण तो तूही पाहिलास.

वहिनींनी, म्हणजे तुझ्या मामींनी, मोबाइलवर उघडलेल्या कागदाचा फोटो टाकला होता. वरचा भाग कापलेला, खालचा कापलेला. मधे चार ओळी दिसत होत्या: युरिया, क्रिएटिनिन १.५, सोडियम १३८, पोटॅशियम ६.२. पोटॅशियमचा आकडा ठळक छापलेला. साधारण ३.५ ते ५ च्या आसपास असायला हवं, तिथे ६.२.

आता खाली आलेली उत्तरं आठव. एकाने अंगठा टाकला. दोघांनी "काळजी घ्या" लिहिलं. नानाकाकांनी त्यांच्या युरिक ॲसिडची गोष्ट सुरू केली आणि डाळ बंद करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड नव्हतंच, त्यांनी युरिया वाचलं होतं. सुमाआत्याने लिहिलं, अशक्तपणा असेल, रोज एक शहाळं द्या. आत्याच्या मनात माया होती, पण शहाळ्याच्या पाण्यात केळ्याच्या बरोबरीचं पोटॅशियम असतं. त्या रात्री दादाला देऊ नये अशा गोष्टींत ते पहिलं होतं. मग चुलतभावाने लिहिलं, "हे हिमोलाइज झालेलं सॅम्पल असतं, खोटा आकडा, दुर्लक्ष करा." हे अर्धं खरं आहे. रक्तपेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या तर ते बाहेर येतं आणि आकडा फुगतो. पण फुगलेला आकडा आणि खरा आकडा कागदावर सारखेच दिसतात. तो खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत खराच धरायचा.

कामाचं वाक्य एकट्या बापूकाकांनी लिहिलं. त्यांची सारी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये गेली. त्यांनी विचारलं, "रक्त किती वाजता घेतलं आणि लॅबला किती वाजता पोचलं?" प्रश्न अचूक होता, पण वहिनींना त्यातलं काय शोधायचं, कुठे पाहायचं, हे कळलं नाही. म्हणून तो प्रश्नही तसाच पडून राहिला.

मी लिहिलं ते असं होतं: "वहिनी, फोटो मिळाला. पोटॅशियम ६.२ दिसतंय, ते जास्त आहे. वरचं नाव आणि तारीख कापली गेलीय. हा दादाचा आजचा रिपोर्ट आहे का?"

यातलं प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते सांगते. "मिळाला" म्हटलं की समोरच्याला कळतं, कुणीतरी पाहतंय. मला काय दिसतंय ते मी लिहून दाखवलं, कारण फोटो धूसर असेल आणि ते ५.२ असेल, तर ती लगेच म्हणेल, "नाही गं, पाच आहे." आम्ही लॅबमधून तातडीचा आकडा फोनवर कळवतो तेव्हा ऐकणाऱ्याकडून नाव आणि आकडा परत वदवून घेतो, तेच हे उलट्या बाजूने. काय दिसत नाही तेही लिहिलं, कारण नाव नसलेल्या रिपोर्टवर सल्ला देणं धोक्याचं असतं; घरात सासरे आणि दादा दोघांचं रक्त त्याच माणसाने त्याच सकाळी नेलेलं असू शकतं. आणि शेवटी एकच प्रश्न, तोही "हो" किंवा "नाही" म्हणता येईल असा. "काय झालं?" असं विचारलं की घाबरलेलं माणूस कुठून सुरुवात करावी या विचारात गप्प बसतं. वहिनींनी एका मिनिटात "हो" लिहिलं. नसतं लिहिलं तर मी दहा मिनिटं थांबून फोन केला असता, ६.२ वर रात्रभर वाट पाहत बसायचं नसतं.

"हो" आल्यावर मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, फोन लावला. धडधडतंय का, पाय जड वाटतात का, लघवी नेहमीसारखी होतेय का? दादा म्हणाला, काही नाही, मस्त आहे. यावर विसंबता येत नाही, कारण पोटॅशियम वाढलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही आणि त्रास थेट हृदयाच्या ठोक्यांत दिसतो. गोळ्या विचारल्या: रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. ही गोळी चांगलीच आहे, पण ती पोटॅशियम थोडं वर नेऊ शकते, आणि मूत्रपिंड मंदावलं असेल तर अधिकच. मग विचारलं, घरात मीठ कोणतं? वहिनी ओट्यावरून पुडा घेऊन आल्या आणि वाचून दाखवलं: कमी सोडियमचं मीठ. डॉक्टरांनी "मीठ कमी करा" म्हटलं म्हणून दादाने स्वतःच्या मनाने आणलं होतं. अशा मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन, मूत्रपिंड थोडं मंदावल्याची शंका आणणारं १.५ चं क्रिएटिनिन आणि रोजच्या आमटीत हे मीठ. तिन्ही एकत्र आली की ६.२ हा आकडा खराही असू शकतो.

तेव्हा सांगितलं: आत्ताच निघा, जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात जा, ईसीजी काढा, रक्त पुन्हा द्या, रिपोर्ट आणि मिठाचा पुडा बरोबर न्या. गोळी बंद करायची की नाही हे मी बोलले नाही. ते समोर बसलेल्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आता आपल्याकडची बाजू मला मोकळेपणाने मांडायची आहे. पाऊण तासात दादाचा ईसीजी हातात होता. इथे इंग्लंडमध्ये त्याच रात्री तातडीच्या विभागात किती तास बसावं लागलं असतं ते सांगता येत नाही. आणि इथेही सगळे आकडे शब्दांसकट येतात असं समजू नकोस. आता रुग्णाला मोबाइलवरच्या ॲपमध्ये आपले रिपोर्ट दिसतात, आणि डॉक्टरांनी खाली काही लिहिलेलं नसेल तर इथली म्हातारी माणसंही नुसत्या आकड्याकडे पाहत बसतात. फरक इतकाच की ६.५ किंवा त्याहून वर गेलं तर आम्ही लॅबमधून स्वतः फोन करतो, रुग्णाने शोधण्याची वाट पाहत नाही. वडोदऱ्यातल्या लॅबनेही तसा फोन करावा असं मला मनापासून वाटतं. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून दिला म्हणजे कळवलं, असं होत नाही.

ईसीजी ठीक होता. त्यावर बापूकाकांनी लगेच बजावलं की ईसीजी ठीक म्हणजे पोटॅशियम ठीक असं नाही, पुन्हा दिलेल्या रक्ताची वाट पाहा. बरोबर होतं ते. दुसरा आकडा ५.४ आला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी लॅबकडून आलेली मूळ पीडीएफ पुढे पाठवली, तेव्हा कापलेल्या भागात बापूकाकांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं: रक्त घेतलं सकाळी ७.४० ला, लॅबला पोचलं १२.१५ ला. साडेचार तास ती नळी पेशी वेगळ्या न करता कुठेतरी पिशवीत होती, बहुधा बर्फाच्या पॅकशेजारी. थंडीत पेशींचं पोटॅशियम आत ओढून घेणारं काम मंदावतं आणि ते बाहेर झिरपतं. रक्त लाल फुटलेलं न दिसताही आकडा वर जातो. म्हणजे आठ दशांशांतला किती भाग नळीचा आणि किती मिठाचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. चुलतभाऊ म्हणतो, मी बरोबर होतो. ५.४ सुद्धा जास्तच आहे, हे मी त्याला सांगितलंय. मीठ बदललं, डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला, पुढची तपासणी लॅबमध्ये जाऊन दिली.

तर तुझ्यासाठी. तुला रिपोर्टमधलं काही कळत नसलं तरी वरची चार वाक्यं तू लिहू शकतेस: मिळाला, मला हे ठळक छापलेलं दिसतंय, हे कापलं गेलंय, हा अमक्याचा आजचाच ना? आणि पाचवं, "लॅबने पाठवलेली फाइलच पुढे पाठवा, फोटो नको." नाव, वेळा, खालची टीप सगळं तिच्यात असतं. औषध, पथ्य, शहाळं यांतलं काहीही लिहू नकोस. फाइलच्या नावाच्या शेवटी .apk असेल तर मात्र ती उघडूच नकोस, मग ती मामींच्या नंबरवरून आलेली का असेना. लग्नपत्रिका म्हणून अशा फाइली फिरतात आणि त्या फोनच ताब्यात घेतात. तेव्हा फोन करून विचार, हे तुम्ही पाठवलंत का.

वहिनींना "खाली लिहीत जा" असं मी सांगितलेलं नाही. त्यांना मोबाइलवर मराठी टाइप करायला वेळ लागतो, आणि त्या रात्री चष्माही सापडत नव्हता. आवाजात बोलून पाठवायचं बटण तेवढं तू त्यांना दाखव.

एका गोष्टीवर बापूकाकांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात, आकडा जास्त आहे हे ग्रुपवर लिहायलाच नको होतं, सगळं फोनवर बोलायचं. दादाचं क्रिएटिनिन आता सगळ्या गोतावळ्याला पाठ झालंय. मी म्हणते, शहाळ्याचा सल्ला ग्रुपवर होता, त्याला उत्तरही तिथेच दिसायला हवं होतं. दादाला विचारलं तर तो म्हणाला, पुढच्या वेळी आधी मला विचारा.