सिलेंडर तीस किलोचा असतो, माहीत आहे

आज ऑफिसात एका मित्राने विचारलं, बेंच प्रेस किती मारतोस? मी म्हटलं, 35. तो चहा सांडेपर्यंत हसला. "सहा महिन्यांत 35? अरे, भरलेला सिलेंडर तीस किलोचा असतो. आमच्याकडे येणारा पोरगा तो खांद्यावर टाकून तीन मजले चढतो!"

चढत असेल. तो रोज चढतो. मी 47 वर्षांचा आहे आणि गेली वीस वर्षं खुर्चीतून फक्त जेवायला उठलोय.

गंमत म्हणजे सातव्या आठवड्यातही मी 35च उचलत होतो. पहिल्या दिवशी नुसता रॉड, म्हणजे 20 किलो. तोही डावीकडे कलत होता, हात थरथरत होते. मग दर सोमवारी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट वाढवायची, म्हणजे आठवड्याला अडीच किलो. भराभर जमत गेलं. आरशात दंड फुगवून बघायला लागलो (बायकोने पाहिलं, काही बोलली नाही, हे तिचे उपकार).

आणि मग तो सोमवार. 35चा दुसरा सेट संपवून बसलो होतो. विशी-बाविशीचा एक मुलगा आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "काका, वॉर्मअप झालं असेल तर बेंच घेऊ का?"

वॉर्मअप! माझा तो खरा सेट होता हो.

मी उठलो, पाचच्या प्लेटा काढल्या, दहाच्या घातल्या. 45 किलो. तो बघतोय हे मला दिसत होतं. दोन वेळा गेलं. तिसऱ्यांदा कोपरं बाहेर फाकली, रॉड अर्ध्यावर अडकला, आणि त्यानेच धावत येऊन तो उचलला. वर "काका, लागलं का?" म्हणून विचारलं. मी "छे छे" म्हटलं.

लागलं होतं. व्यायामाचं नेहमीचं दुखणं मला एव्हाना ओळखीचं झालं होतं. ते दोन्ही बाजूंना, पसरट असतं, दुसऱ्या दिवशी वाढतं आणि तीन-चार दिवसांत जातं. हे तसं नव्हतं. फक्त उजवा खांदा, पुढच्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल एवढी जागा. मागच्या खिशातलं पाकीट काढताना कळ यायची, रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. तरी दहा दिवस मी बाम चोळत बसलो. मूर्ख.

शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी जे समजावलं ते कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर! सुरुवातीच्या आठवड्यांत वजन वाढतं ते मुख्यतः मेंदू आणि नसा आहे तोच स्नायू नीट वापरायला शिकतात म्हणून. स्नायू खरोखर भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, टेंडन, तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सगळ्यांत मागून येते. म्हणजे सातव्या आठवड्यात मला जी ताकद वाटत होती ती खरीच होती, फक्त ती पेलणारी दोरी जुनीच होती.

सहा आठवडे बेंच बंद. भिंतीवर पुशअप, रबर बँड ओढणं, कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर वळवणं. एवढा कंटाळा मला हिशेबाच्या परीक्षेतही आला नव्हता. मग परत नुसता रॉड, तीन सेकंद मोजत खाली आणायचा, कोपरं अंगाजवळ. आणि आता प्रत्येक वजनावर दोन आठवडे. म्हणून सव्विसाव्या आठवड्यात 35. कळलं का, सिलेंडरवाले?

मान्य, काही जण चाळिशीतही पटापट वाढतात आणि त्यांना काहीही होत नाही. असतील.

खरं सांगायचं तर राग मित्रावर नाही. तो हसला तेव्हा क्षणभर मला पुन्हा दहाच्या प्लेटा दिसल्या, राग त्याचा आहे. आणि त्या बिचाऱ्या मुलाचं तर काहीच चुकलं नव्हतं. मी मात्र महिनाभर मनात त्याला शिव्या घालत होतो.

संध्याकाळी गेलो तर तोच होता. दोन सेट झाले होते, मी बसून श्वास मोजत होतो. तो आला. "काका, किती राहिलेत?"

"अजून दोन. मध्ये दोन-दोन मिनिटं बसणार आहे."

"आरामात करा," म्हणाला आणि भिंतीला टेकून मोबाइल काढला. मी पूर्ण दोन मिनिटं बसलो. मग 35, आठ वेळा. खांदा गप्प.

घरी येऊन वहीत लिहिलं. 37.5 पुढच्या सोमवारी. नाही, त्याच्या पुढच्या.